प्रकल्प नोंदी: सड्याखालच्या वाडीचे पाणी, टिपणांपासून परिच्छेदापर्यंत

१० जानेवारी

राजापूर तालुक्यात सड्याखाली, म्हणजे जांभा खडकाच्या उघड्या पठाराखाली, वसलेल्या एका वाडीच्या पाण्यावरचा अहवाल ग्रामसभेपुढे ठेवायचा आहे. पाहणी झाली आहे. आता दुसऱ्या भागाचे लेखन: एवढा पाऊस पडूनही उन्हाळ्यात पाणी का पुरत नाही? वहीतली टिपणे जशीच्या तशी उतरवून घेतली.

- पाऊस ३००० मिमी+, जून–सप्टें.
- मराठवाडा ७००–८०० मिमी
- सडा – जांभा, सच्छिद्र, माती कमी
- नद्या आखूड, उतार तीव्र
- झरे सड्याच्या कडेला, दिवाळीपर्यंत जोरात
- विहिरी – मार्चपासून तळ
- चिरेखाण → झरा लवकर आटतो? (वाडीतले जाणते)
- खाडीकाठच्या विहिरी एप्रिल–मे खारट
- वनराई बंधारे उशिरा
- टँकर
- राजापूरची गंगा

ज्याने पाहणी केली त्याला या अकरा ओळी पुरतात, कारण दोन ओळींच्या मधला मजकूर त्याच्या डोक्यात असतो. ग्रामसभेत बसलेल्या माणसाकडे तो नसतो. त्याला ‘जांभा सच्छिद्र’ आणि ‘विहिरी तळाला’ या दोन गोष्टी कळतात, पण एकीचा दुसरीशी काय संबंध हे कळत नाही. टिपणाची ओळ तो संबंध लिहायला भागच पाडत नाही. परिच्छेद लिहायचा म्हणजे हा न लिहिलेला संबंध शोधून कागदावर आणायचा. ओळींच्या पुढचे डॅश काढून मध्ये ‘तसेच’ आणि ‘याशिवाय’ घातले की फक्त आडवी यादी तयार होते.

१२ जानेवारी

पहिले काम: प्रत्येक टिपणाला क्रियापद लावणे. प्रत्येक ओळ वेगळ्या चिठ्ठीवर, पूर्ण वाक्यात लिहिली. पोस्टकार्डाच्या अर्ध्या आकाराची चिठ्ठी पुरते. त्याहून मोठी घेतली तर एका चिठ्ठीवर दोन विधाने बसतात आणि पुढे चिठ्ठ्या हलवताना अडचण होते.

क्रियापद लावताना टिपणातली संदिग्धता लगेच दिसते. ‘सडा – जांभा, सच्छिद्र, माती कमी’ या एका ओळीतून तीन चिठ्ठ्या निघाल्या: सड्यावर जांभा उघडा पडलेला आहे, जांभ्यातून पाणी खाली झिरपते, सड्यावर मातीचा थर पातळ आहे. त्यातही ‘जांभा सच्छिद्र आहे’ असे न लिहिता ‘जांभ्यातून पाणी खाली झिरपते’ असे लिहिले. ‘आहे’ने खडकाचे वर्णन होते, ‘झिरपते’ने पाण्याचे काय होते ते कळते, आणि आपला प्रश्न पाण्याचा आहे. शक्य तिथे ‘आहे’च्या जागी घडणारी क्रिया घालावी, कारण पुढचे वाक्य क्रियेला जोडता येते. नुसत्या गुणाला ते जोडणे अवघड जाते.

‘टँकर’ या ओळीला क्रियापदच लावता येईना. टँकर येतो, मागवला जातो की बंद झाला? वहीत पुढे-मागे काही नाही. ती चिठ्ठी लाल खूण करून बाजूला ठेवली. ज्या टिपणाला क्रियापद लागत नाही ते अजून माहिती झालेले नाही.

प्रत्येक चिठ्ठीच्या कोपऱ्यात उगम लिहिला: ‘पा’ म्हणजे स्वतः पाहिलेले, ‘ऐ’ म्हणजे ऐकलेले, ‘छा’ म्हणजे छापील नोंदीतले. ही खूण आत्ता किरकोळ वाटते, पण जोडशब्द निवडताना तिच्याशिवाय भागत नाही.

१५ जानेवारी

चिठ्ठ्यांचे गट पाडले. विषयावरून पाडले असते तर पाऊस, खडक, विहिरी, नद्या असे ढीग झाले असते आणि प्रत्येक ढिगाचा परिच्छेद म्हणजे पुन्हा यादी. म्हणून प्रत्येक चिठ्ठीला विचारले: ही कोणत्या प्रश्नाचे उत्तर देते?

तीन प्रश्न निघाले. वरून वाहणारे पाणी का टिकत नाही? जमिनीत मुरलेले पाणी का टिकत नाही? खाडीकाठी पाणी असूनही ते का वापरता येत नाही? एका प्रश्नाला एक परिच्छेद.

पाऊस तिन्हींत लागतो, पण आकडा एकदाच सांगायचा आणि तो पहिल्या परिच्छेदात. नद्याही पहिल्यात. सह्याद्रीच्या माथ्यापासून समुद्र सरळ रेषेत साधारण पन्नास-साठ किलोमीटर, त्यामुळे नद्या आखूड आणि वेगवान. जांभा, झरे आणि विहिरी दुसऱ्यात. खारट विहिरी तिसऱ्यात.

उरलेल्या चिठ्ठ्यांपैकी वनराई बंधारे हे कारण नाही, उपाय आहे. रिकाम्या सिमेंटच्या पोत्यांत माती-वाळू भरून वहाळ अडवायचा तो प्रवाह जिवंत असताना. तो उशिरा का होतो हा अहवालाच्या चौथ्या भागाचा विषय. मराठवाड्याचा आकडा मोहात पाडणारा आहे, कारण तो ठेवला की वाचक चमकतो. पण तो आपल्या तीनपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर देत नाही, आणि दुसऱ्या प्रदेशाचा उल्लेख आला की वाचक तिथल्या खडकाचा, तिथल्या धरणांचा विचार करू लागतो. काढला. राजापूरची गंगासुद्धा काढली. उन्हाळे गावच्या कुंडांत अधूनमधून प्रकटणारे ते पाणी लोकांच्या मनात मोठे आहे, पण या वाडीच्या विहिरींशी त्याचा संबंध दाखवणारे काहीही आमच्या वहीत नाही.

बाजूला काढलेल्या चिठ्ठ्या फाडायच्या नाहीत. एका पाकिटात ठेवून वर ‘भाग २ मध्ये नाही’ असे लिहिले. असे पाकीट नसेल तर लिहिणारा चिठ्ठी वाया जाऊ नये म्हणून ती कुठेतरी घुसवतो आणि नेमका तिथेच परिच्छेद फाटतो.

१८ जानेवारी

आजपासून फक्त दुसरा परिच्छेद. चिठ्ठ्या टेबलावर उभ्या ओळीत लावल्या आणि शेजारच्या दोन चिठ्ठ्यांमध्ये संबंध पेन्सिलीने लिहीत गेलो: ‘म्हणून’, ‘कारण’, ‘पण’, ‘त्यानंतर’, ‘म्हणजे’. जो शब्द खरा बसतो तोच लिहायचा. कोणताच बसला नाही तर जागा कोरी.

जांभ्यातून पाणी खाली झिरपते. [ ? ] विहिरी मार्चपासून तळ गाठतात.

पहिल्या कच्च्या मसुद्यात इथे ‘त्यामुळे’ होते आणि वाचताना कुणालाही खटकले नव्हते. नीट पाहिले तर ते उलटे आहे. पाणी झिरपत असेल तर जमिनीतला साठा वाढायला हवा, विहिरी भरलेल्या राहायला हव्यात. मग इथे ‘त्यामुळे’ नाही, ‘तरीही’ बसतो. आणि ‘तरीही’ लिहिले की वाचक लगेच विचारतो: मग ते पाणी गेले कुठे? टिपणांत याचे उत्तर नव्हते. उत्तर नाही हेही ‘त्यामुळे’ने झाकून टाकले होते.

उत्तर झऱ्यांच्या चिठ्ठीजवळ सापडले. झरे सड्याच्या कडेलाच का फुटतात, हे पाहायला घाटरस्त्याच्या कापलेल्या दरडीशी जाऊन थर पाहिले. वर कठीण कातळ, त्याखाली भोकाभोकांचा, लालसर जांभा, त्याखाली पांढरट-जांभळट मऊ चिकण थर आणि तळाशी काळा पाषाण. ओल दिसते ती जांभा आणि चिकण थर यांच्या सांध्यावर, एका आडव्या रेघेत. म्हणजे खाली उतरणारे पाणी चिकण थरावर अडते आणि आडवे सरकून कडेला बाहेर पडते. दोन नव्या चिठ्ठ्या झाल्या, कोपऱ्यात ‘पा’:

जांभ्याखालच्या चिकण थरावर पाणी अडते.
अडलेले पाणी आडवे सरकून सड्याच्या कडेला झऱ्यांतून बाहेर पडते.

आता ओळ जुळते. मुरते, पण अडते, मग बाहेर पडते, म्हणून साठा रिता होतो. कोरी जागा दिसली की तिथे शब्द शोधण्याआधी माहिती शोधावी. बहुतेक वेळा शब्द सापडत नाही तो माहिती नसते म्हणूनच.

२१ जानेवारी

परिच्छेदाचे मुख्य वाक्य. चार पर्याय लिहून पाहिले.

‘कोकणातील जांभा खडक.’ हे शीर्षक आहे. विधान नसल्याने ते खरे-खोटे ठरवता येत नाही.

‘जांभा हा सच्छिद्र खडक आहे.’ विधान आहे, खरेही आहे, पण त्याच्या छत्राखाली एकच चिठ्ठी बसते. झरे आणि विहिरी बाहेरच राहतात. टिपणांतली पहिली ओळ उचलून तीच मुख्य वाक्य केली की असे होते.

‘कोकणात पाणीटंचाईची अनेक कारणे आहेत.’ इथे उलटे होते. याखाली काहीही बसते, राजापूरची गंगासुद्धा. ज्या वाक्याखाली काहीही बसते ते काहीच धरून ठेवत नाही. ‘अनेक कारणे’, ‘विविध पैलू’, ‘महत्त्वाची भूमिका’ हे शब्द मुख्य वाक्यात आले की लिहिणाऱ्याचे अजून ठरलेले नाही असे समजावे.

‘सड्यावरचा पाऊस जांभ्यात मुरतो, पण उन्हाळ्यापर्यंत तिथे थांबत नाही.’ हे घेतले. यात दोन अर्धुके आहेत आणि मध्ये ‘पण’ आहे, त्यामुळे वाचकाच्या मनात ‘का थांबत नाही?’ हा प्रश्न आपोआप येतो. परिच्छेदातले पुढचे प्रत्येक वाक्य त्या प्रश्नाच्या उत्तराचा एक टप्पा.

पडताळा सोपा आहे. मुख्य वाक्यापुढे ‘ते कसे?’ किंवा ‘कशावरून?’ असे विचारायचे आणि प्रत्येक चिठ्ठी उत्तर म्हणून वाचायची. ‘सड्यावर मातीचा थर पातळ आहे’ ही चिठ्ठी इथे पडली. ती पाणी वरून का वाहून जाते याचे उत्तर देते, म्हणून पहिल्या परिच्छेदात पाठवली.

२४ जानेवारी

क्रम लागला, मुख्य वाक्य मिळाले, तरी मसुदा तुटक वाचला जात होता:

> सड्यावरचा पाऊस जांभ्यात मुरतो, पण उन्हाळ्यापर्यंत तिथे थांबत नाही. जांभ्याला भेगा आणि छिद्रे असतात. चिकण थर जांभ्याच्या खाली असतो. सड्याच्या कडेला झरे फुटतात. दिवाळीपर्यंत ते जोरात वाहतात. यामुळे विहिरी मार्चपासून तळ गाठतात.

प्रत्येक वाक्य बरोबर आहे. दोष वाक्यांच्या सुरुवातींत आहे. मराठी वाक्य ज्या शब्दाने सुरू होते तो वाचकाला आधीच ओळखीचा असावा आणि नवी गोष्ट क्रियापदाच्या जवळ यावी. इथे ‘चिकण थर’ ही अगदी नवी वस्तू वाक्याच्या तोंडाशी आली आहे. वाचकाने तिचे नावही ऐकलेले नाही, त्यामुळे त्याला वाक्य संपेपर्यंत ती हातात धरून थांबावे लागते. ‘पाणी’ ओळखीचे, तेव्हा पाण्याने सुरुवात करून चिकण थरापाशी पोचायचे: ‘हे पाणी जांभ्याखालच्या चिकण थरावर अडते.’ पुढच्या वाक्याच्या वेळी चिकण थर ओळखीचा झालेला असतो, मग त्याने सुरुवात करता येते: ‘त्या थराच्या उतारावरून ते आडवे सरकते.’ एवढा फेर केला की मध्ये एकही जोडशब्द न घालता वाक्ये एकमेकांना लागतात.

दुसरी दुरुस्ती ‘यामुळे’ची. शेवटच्या वाक्यातले ‘यामुळे’ म्हणजे नेमके कशामुळे? झऱ्यांमुळे, दिवाळीमुळे की चिकण थरामुळे? एकटे ‘यामुळे’, ‘हे’, ‘त्यातून’ मागच्या चार वाक्यांकडे एकदम बोट दाखवतात. त्यांच्याजवळ एक नाम ठेवले की बोट एका जागी टेकते: ‘ही गळती’, ‘हा साठा’, ‘हे झरे’. नाम निवडताना मागच्या वाक्यांचा अर्थही ठरतो. ‘ही गळती’ म्हटले की पाणी निसटते आहे असा सूर लागतो, ‘हा प्रवाह’ म्हटले की नाही. आम्ही ‘साठा’ घेतला, कारण विहिरींशी जोडणारी वस्तू तीच आहे. झरे आणि विहिरी एकाच साठ्यावर जगतात, ही गोष्ट टिपणांत कुठेच लिहिलेली नव्हती आणि परिच्छेदाचा सांधा तिथेच आहे.

जोडशब्द सगळेच काढायचे नाहीत. जिथे दिशा बदलते तिथे ‘पण’ हवाच. जिथे पायरी सरळ पुढे जाते तिथे तो बहुधा नको असतो. एका परिच्छेदात ‘त्यामुळे’ दोनदा आले तर दुसरे काढून वाचून पाहावे.

२७ जानेवारी

चिरेखाणीची चिठ्ठी अजून बाहेर होती. सड्यावर चिरे काढायला सुरुवात झाल्यापासून खालचा एक झरा लवकर आटतो, असे वाडीतले जाणते सांगतात. वहीत त्याचा बाण झाला होता: चिरेखाण → झरा. बाण लिहायला सोपा, पण त्याचा अर्थ ‘नंतर’ की ‘मुळे’ हे तो सांगत नाही. वाक्यात ते सांगावेच लागते.

‘चिरेखाण सुरू झाली. त्यामुळे झरा लवकर आटू लागला.’ हे कारणाचे विधान झाले. ग्रामसभेत खाणमालक उठून पुरावा मागेल, आणि कोपऱ्यात ‘ऐ’ आहे. झऱ्याच्या प्रवाहाची खाणीआधीची मोजणी नाही.

‘चिरेखाण सुरू झाल्यानंतर झरा लवकर आटतो, असे वाडीतले जाणते सांगतात.’ आपल्याकडे जेवढे आहे तेवढेच यात आहे. ‘नंतर’ काळ सांगतो, ‘असे सांगतात’ उगम सांगतो. लेखी मराठीत हे ‘असे सांगतात’, ‘असे दिसते’, ‘नोंदीनुसार’ लेखनाला भारदस्त करण्यासाठी बरेचदा गाळले जातात. गाळू नयेत. विधानाचे वजन वाचकाला त्यांच्यावरूनच कळते.

वाक्य ठरले, पण जागा? दुसऱ्या परिच्छेदाच्या शेवटी ठेवले तर शेवटचा शब्द त्याचा होतो आणि ऐकीव गोष्ट निष्कर्षासारखी ऐकू येते. मध्ये ठेवले तर थरापासून विहिरीपर्यंतची साखळी तुटते. म्हणून ते तिसऱ्या भागात, ‘पुढे काय मोजायचे’ या मथळ्याखाली गेले, आणि तिथे त्याच्याखाली झऱ्याची मोजणी हे काम लिहिले: ठरलेल्या घागरीला भरायला किती सेकंद लागतात ते दर पंधरवड्याला नोंदवणे.

३० जानेवारी

परिच्छेदांचे आपसातले सांधे. पहिला परिच्छेद संपतो तो वाहून जाणाऱ्या पाण्यावर. दुसरा सुरू होतो ‘सड्यावरचा पाऊस…’ असा, म्हणजे पुन्हा पहिल्यापासून. वाचकाला वाटते, हे तर झाले की. सुटे वाचल्यावर बरोबर वाटणारे मुख्य वाक्य ओळीत बसवल्यावर असे अडखळवू शकते, म्हणून ते परिच्छेद लागल्यावर पुन्हा घासायचे.

जे–ते ही आपल्या भाषेतली रचना इथे चोख बसली: ‘जे पाणी वाहून न जाता जमिनीत मुरते, तेही उन्हाळ्यापर्यंत जमिनीत थांबत नाही.’ ‘जे’चा भाग मागच्या परिच्छेदाला धरतो, ‘ते’चा भाग नवे विधान करतो, आणि ‘तेही’ मधला ‘ही’ सांगतो की मागे एक पाणी असेच गेले आहे. वेगळे जोडवाक्य लागलेच नाही.

तिसऱ्या परिच्छेदाचा सांधा विरोधाचा: ‘खाडीकाठच्या विहिरींत मात्र मे महिन्यातही पाणी असते, पण ते पिण्याजोगे राहत नाही.’ नंतर कारण: उन्हाळ्यात वरून येणारे गोडे पाणी कमी होते, भरतीचे पाणी खाडीत अधिक आत चढते आणि जमिनीतून विहिरीत शिरते. इथे ‘मात्र’ योग्य, कारण ‘पाणी नाही’पासून ‘पाणी आहे’ अशी खरी उलट दिशा आहे. नुसता विषय बदलला म्हणून ‘मात्र’ लावण्याची सवय वर्तमानपत्री लेखनातून येते. तिथे वाचक विरोध शोधतो आणि त्याला तो सापडत नाही.

२ फेब्रुवारी

दुसऱ्या परिच्छेदाचा सध्याचा पाठ:

> जे पाणी वाहून न जाता जमिनीत मुरते, तेही उन्हाळ्यापर्यंत जमिनीत थांबत नाही. जांभ्याच्या भेगांतून आणि छिद्रांतून ते झपाट्याने खाली उतरते आणि जांभ्याखालच्या मऊ, चिकण थरावर अडते. त्या थराच्या उतारावरून आडवे सरकत ते सड्याच्या कडेला झऱ्यांतून बाहेर पडते. हे झरे दिवाळीपर्यंत जोरात वाहतात, म्हणजे पाण्याची निकड लागण्याच्या कितीतरी आधी जांभ्यातला साठा रिता होत असतो. वाडीच्या विहिरी याच साठ्यावर चालतात. त्यामुळे झरे बारीक झाले की विहिरींची पातळीही उतरू लागते आणि मार्चपासून त्या तळ गाठतात.

तीन चाचण्या घेतल्या. पहिली, वाक्ये कापून, ढवळून दुसऱ्या माणसाला लावायला दिली. त्याला मूळ क्रम लावता आला तर साखळी खरी आहे. कोणताही क्रम चालतो असे तो म्हणाला तर मजकूर अजून यादीच आहे. जानेवारीतल्या मसुद्याला ही चाचणी पार झाली नव्हती, या पाठाला झाली. दुसरी, तिन्ही परिच्छेदांची फक्त पहिली वाक्ये सलग वाचली: वरचे पाणी वाहून जाते, मुरलेलेही थांबत नाही, खाडीकाठी मात्र असते पण पिण्याजोगे राहत नाही. एवढ्यावर भागाचा युक्तिवाद कळतो. तिसरी, ज्याने पाहणी केलेली नाही अशा माणसाने मोठ्याने वाचायचे. जिथे तो मागे जाऊन पुन्हा वाचतो तिथे पेन्सिलीने टिंब.

टिंब एकाच जागी आले: ‘जांभ्यातला साठा’. साठा हा शब्द तिथे पहिल्यांदा येतो आणि ओळखीचा असल्यासारखा येतो. दुसऱ्या वाक्याच्या शेवटी ‘अडते’च्या जागी ‘अडून साठते’ केले. मग ‘साठा’ मागून उचललेला वाटतो.

बाकी: ‘टँकर’च्या चिठ्ठीसाठी ग्रामपंचायतीच्या नोंदी पाहायच्या आहेत. चिकण थराला वाडीतले लोक काय म्हणतात ते विचारून तोच शब्द पाठात घालायचा, कारण वाचणारे तेच आहेत. पहिल्या परिच्छेदात पातळ मातीची चिठ्ठी आल्यावर तिथले मुख्य वाक्य तिला झाकते का, ते उद्या.